दादा पुढे पळतो तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि एका मित्राने बनवलेला छोटा खेळ पुतण्याच्या आणि पुतणीच्या हातात दिला. तो अकरा वर्षांचा, ती सात. एकच टीव्ही, दोन कंट्रोलर, आणि पडद्यावर दोन कोल्हे, एक लाल आणि एक निळा. पहिल्या अर्ध्या मिनिटात लाल कोल्हा सुसाट उजवीकडे निघाला. निळा फुलपाखरामागे रेंगाळला आणि पडद्याच्या डाव्या कडेतून बाहेर गेला. "काका, मी कुठंय?" पुतणीने विचारलं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ती कुठे आहे हे दाखवायचं काम कॅमेऱ्याचं होतं आणि कॅमेरा लाल कोल्ह्यामागे गेला होता.

एका खेळाडूच्या खेळात कॅमेऱ्याला एकच मालक असतो. दोघं एकाच पडद्यावर खेळत असले की त्याला दोघांच्या मध्ये उभं राहावं लागतं आणि ते लांब गेले की मागे सरकून जास्त जग दाखवावं लागतं. ही युक्ती जुनी आहे. १९९२ चा 'आर्ट ऑफ फायटिंग' आणि १९९३ चा 'सामुराई शोडाउन' हे एसएनके कंपनीचे मारामारीचे खेळ. त्यांत लढणारे जवळ आले की चित्र मोठं व्हायचं, लांब गेले की लहान. ज्या निओ जिओ यंत्रावर ते चालायचे, त्याला चित्र लहान करता यायचं, मोठं करता यायचं नाही. म्हणून चित्रकारांनी पात्रं आधीच मोठी काढली आणि यंत्र ती आकसवत राहिलं. आज झूम फुकट मिळतो. तो डोळ्याला खुपू नये एवढंच आपल्याला पाहायचं असतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आधी हिशेब मांडू. आमच्या खेळात कोल्हे मागच्या पायांवर चालतात आणि त्यांची उंची १.८ मीटर मानली आहे. पडदा १६:९. कॅमेऱ्याला जगाची किती उंची दिसते ते तिच्या निम्म्याने मोजायची पद्धत आहे, तिला आपण अर्धी उंची म्हणू. अर्धी उंची ४.५ मीटर असेल तर पडद्यावर ९ मीटर उंच आणि १६ मीटर रुंद जग दिसतं. दोघांच्या मधला बिंदू म्हणजे कॅमेऱ्याची जागा. त्यांच्यातलं आडवं अंतर निम्मं करायचं आणि त्यात कडेला सोडायची मोकळी जागा मिळवायची. या मोकळ्या जागेला मी वहीतला समास म्हणतो. तो आम्ही २ मीटर धरला. आलेल्या आकड्याला ९/१६ ने गुणलं की लागणारी अर्धी उंची मिळते.

समजा दोघं २० मीटर लांब आहेत. निम्मे १०, समास २, झाले १२. त्याला ९/१६ ने गुणल्यावर ६.७५. हाच हिशेब उभ्या अंतरासाठी करायचा, फक्त तिथे ९/१६ ने गुणायचं नाही. एक जण ६ मीटर उंच फळीवर असेल तर ३ अधिक २, म्हणजे ५. दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा, इथे ६.७५. खालची मर्यादा ४.५, कारण त्याहून जवळ गेलं की पुढचा खड्डा दिसत नाही. वरची मर्यादा ९. आमच्या ४० इंची टीव्हीची उंची साधारण ५० सेंटिमीटर आहे. अर्धी उंची ९ झाली की कोल्हा जेमतेम ५ सेंटिमीटरचा उरतो आणि सोफ्यावरून त्याचे पाय कुठे टेकले हे कळेनासं होतं. या दोन मर्यादांत दोघं १२ मीटर लांब जाईपर्यंत झूम हलत नाही आणि २८ मीटरला कॅमेऱ्याची शक्ती संपते.

एवढं लिहून आम्ही खेळ चालू केला. दोघंही पडद्यावर होते, पण पाच मिनिटांत माझंच डोकं गरगरायला लागलं.

हे थोडं कोड्यात टाकणारं आहे. कोल्हे एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाहीत, सलग पळतात. मग त्यांच्या अंतरावरून काढलेला झूमही सलगच असायला हवा. तसा तो असतोही. सलग नसतो त्याचा वेग. कोल्हा थांबलेला असतो आणि पुढच्याच क्षणी सेकंदाला ८ मीटरने धावत असतो, कारण बटण दाबल्याबरोबर धावला नाही तर मुलं खेळ बंद करतात. त्याच क्षणी झूमही शून्यावरून पूर्ण वेगात जातो. अंतर १२ मीटर ओलांडतानाही तसंच होतं, इतका वेळ एकाच आकाराचं असलेलं जग एकदम आकसायला लागतं. आडव्या हिशेबाकडून उभ्याकडे पारडं झुकलं की पुन्हा तेच. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला तर गाडी जागा सोडून उडत नाही, तरी आपण मागच्या माणसावर आदळतो. डोळ्याचंही तसंच होतं.

उपाय सगळ्यांना माहीत असतो. कॅमेऱ्याला थेट लक्ष्यावर नेऊ नका, लक्ष्याकडे ओढत न्या. दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग कापायचा, असं बहुतेक नवशिक्या धड्यांत लिहिलेलं असतं. त्यात एक खोट आहे. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एका सेकंदाने मूळ अंतराचा हजारातला जेमतेम २ भाग उरतो. कमी ताकदीच्या लॅपटॉपवर ३० फ्रेमच निघत असतील तर हजारातले ४२ भाग उरतात. म्हणजे तोच खेळ माझ्याकडे चपळ आणि मित्राकडे सुस्त. आम्ही दोघं आठवडाभर फोनवर भांडत होतो, तो म्हणायचा कॅमेरा मंद आहे, मी म्हणायचो घाई आहे, आणि दोघंही आपापल्या घरी बरोबर होतो. फ्रेमला लागलेला वेळ हिशेबात धरला की भांडण मिटतं:

```
t = 1 - exp(-k * dt)
size   += (target_size - size) * t
center += (target_center - center) * t
```

इथे `dt` म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेले सेकंद आणि `k` म्हणजे ओढ. ओढ जास्त तर कॅमेरा लक्ष्याला चिकटतो, कमी तर मागून रमतगमत येतो. आम्ही ती ६ ठेवली.

आता ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण लिहायला घेतलं, ती. ओढून नेलेला कॅमेरा नेहमी मागे पडतो. लक्ष्य एका ठरावीक वेगाने दूर जात असेल तर पिछाडी एका आकड्यावर स्थिरावते, आणि तो आकडा म्हणजे वेग भागिले ओढ. निळा कोल्हा उभा आहे आणि लाल ८ मीटर वेगाने उजवीकडे पळतोय. मधला बिंदू ४ मीटर वेगाने सरकतो, म्हणून कॅमेऱ्याची जागा ४ भागिले ६, म्हणजे ०.६७ मीटर मागे. दिसणारी अर्धी रुंदीही ४ मीटर वेगाने वाढायला हवी, तीही ०.६७ मीटर मागे. दोन्ही तुटी लाल कोल्ह्याच्या बाजूला जमा होतात आणि उजवी कड जिथे असायला हवी त्याच्या १.३३ मीटर आत राहते. समास २ मीटर होता, त्यातले ०.६७ मीटर उरले. निळ्या बाजूला मात्र दोन तुटी एकमेकींना खातात आणि त्याचा समास शाबूत राहतो. दोघं विरुद्ध दिशांना पळाले तर? मधला बिंदू जागेवरच, पण रुंदी ८ मीटर वेगाने वाढायला हवी, म्हणून दोन्ही कडांना पुन्हा १.३३. कसंही पळा, पळणाऱ्याची कड त्याचा वेग भागिले ओढ एवढी मागे राहते.

याचा अर्थ समास, धावण्याचा वेग आणि कॅमेऱ्याचा मऊपणा हे एकाच खात्यातले पैसे आहेत. ओढ ४ केली की पिछाडी २ मीटर होते, समास पूर्ण संपतो आणि कोल्ह्याचा मध्य नेमका काचेच्या कडेवर येतो. ओढ ३ केली की तो बाहेर. या ओढीच्या पहिल्या आवृत्तीत कॅमेऱ्याच्या जागेची ओढ ६ होती आणि झूमची २, कारण मंद झूम मला देखणा वाटायचा. रुंदीची तूट त्यामुळे ०.६७ ऐवजी २ मीटर झाली. पळणाऱ्याची कड एकूण २.६७ मीटर मागे पडत होती आणि उभ्या असलेल्याचाही १.३३ मीटर समास उगाच जात होता. पुतणी पडद्याबाहेर का जात नाही पण कडेला का चिकटते, हे तोवर मला कळत नव्हतं. बाहेर झूम होताना जागेची आणि झूमची ओढ सारखीच ठेवायची, हा धडा त्यातून मिळाला.

युनिटी या खेळ बनवण्याच्या साधनाचा रणगाड्यांचा एक जुना शिकवणी-प्रकल्प आहे, दोघांनी एका पडद्यावर खेळायचा. त्यातही हेच खातं दिसतं. तिथे साधी ओढ नाही, `SmoothDamp` नावाचं फंक्शन आहे. ते स्प्रिंगसारखं ओढतं, पण पुढे जाऊन हेलकावे खात नाही. त्याला `k` ऐवजी वेळ सांगायचा असतो आणि पिछाडी म्हणजे वेग गुणिले तो वेळ. रणगाड्याचा वेग १२, वेळ ०.२ सेकंद, म्हणजे पिछाडी २.४. कडेची मोकळी जागा ठेवली आहे ४. आकडे कोणी हिशेबाने ठरवले की हाताने चाचपून, हे बाहेरून सांगता येणार नाही, पण खातं जमतं.

मग कोल्ह्यांना झेप द्यायचं ठरलं आणि खातं पुन्हा बुडालं. झेपेचा वेग २० मीटर, फक्त ०.२ सेकंद. आधीच धावत असलेल्या कोल्ह्याने झेप घेतली तर तेवढ्या वेळातच पिछाडी १.३३ वरून २.७३ वर जाते. समास २. कोल्ह्याचं नाक, कान आणि बराचसा कोल्हा बाहेर. ओढ वाढवून हे सुटतं, पण मग रोजचं धावणं झटकेबाज होतं. एका झेपेसाठी सगळ्या खेळाला शिक्षा नको. म्हणून ओढीच्या हिशेबानंतर आम्ही एक कुंपण घातलं. कॅमेरा आत्ता खरोखर जिथे आहे तिथून प्रत्येक कोल्हा कडेच्या किमान ०.६ मीटर आत बसायला अर्धी उंची किती लागेल ते काढायचं, आणि ओढीने दिलेला आकडा त्याहून लहान असेल तर तो तिथवर वाढवायचा. झेपेच्या वेळी कॅमेरा जणू कोल्ह्याला बांधला जातो. तो एक बारीक झटका असतो खरा, पण झेपेच्याच क्षणी, म्हणून डोळा तो माफ करतो. `SmoothDamp` वापरत असाल तर एक काळजी घ्या. ते स्वतःचा वेग आठवणीत ठेवतं. कुंपणाने आकडा बदलला आणि तो वेग जुनाच राहिला, तर पुढच्या फ्रेमला कॅमेरा मागे खेचला जातो, कुंपण पुन्हा ढकलतं, आणि कडा थरथरतात.

थरथर दिसली की दोष कुंपणाचाच असतो असं मात्र नाही. अख्खं जग थरथरत असेल तर झूमकडे पाहा. जग स्थिर आणि फक्त कोल्हे दुहेरी दिसत असतील तर दोष वेळापत्रकात आहे. युनिटीत भौतिकाचा हिशेब ठरवून दिला नसेल तर सेकंदाला ५० वेळा होतो आणि पडदा ६० वेळा रंगतो. काही फ्रेमांत कोल्हा हललेलाच नसतो, कॅमेरा मात्र हललेला असतो. दोघांचा ताल एक केला किंवा कोल्ह्याची मधली जागा अंदाजे भरून काढली की ते थांबतं.

बाहेर जाणारा झूम असा ताळ्यावर आला. आत येणाऱ्याचं दुखणं वेगळं निघालं. दोघं २० मीटर लांब उभे राहून एका राक्षसाशी लढत होते, दोन मीटर पुढे, दोन मीटर मागे. अंतर २० वरून १८ आणि पुन्हा २०. अर्धी उंची ६.७५ वरून ६.१९ आणि पुन्हा ६.७५. बदल ८ टक्क्यांचा, पण तो दर सेकंदाला. मागची डोंगररांग झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी खालीवर होत होती. पुतण्याने तिला "श्वास घेणारा डोंगर" असं नाव दिलं आणि त्याला ती खेळातली एक गंमतच वाटली.

आत यायची घाई कोणालाच नसते. बाहेर जायला उशीर झाला तर माणूस हरवतो, आत यायला उशीर झाला तर थोडं जास्त जग दिसत राहतं, एवढंच. म्हणून नियम असा केला की लागणारी अर्धी उंची सध्याच्या ८५ टक्क्यांखाली गेली आणि ०.८ सेकंद तिथेच राहिली, तरच आत यायचं. एकदा निघालं की ८५ टक्क्यांच्या रेषेशी न थांबता थेट लक्ष्यापर्यंत यायचं, नाहीतर रेषेवर नवी धडपड सुरू होते. आणि इथे साधी ओढ चालत नाही. इतका वेळ थांबून एकदम निघताना सगळ्यात मोठं अंतर सुरुवातीलाच असतं, म्हणून तिचा सगळ्यात जास्त वेगही पहिल्याच फ्रेमला असतो. `SmoothDamp` हळू सुटतं, मग वेग घेतं, मग हळू थांबतं. आत येताना आम्ही त्याला १ सेकंद दिला. लढाईतला ८ टक्क्यांचा श्वास त्या दिवसापासून बंद झाला.

उड्यांचाही एक श्वास होता, तो झूमचा नव्हता. दोघं जवळजवळ असताना एकाने ३ मीटर उडी मारली तर लागणारी अर्धी उंची साडेतीनच येते, म्हणून झूम हलत नाही. पण मधला बिंदू दीड मीटर वर जातो आणि परत खाली येतो. मुलं चालताना उगाचच उड्या मारतात. उपाय सोपा आहे, मधल्या बिंदूची उंची काढताना कोल्ह्याची आत्ताची उंची घ्यायची नाही, तो शेवटचा ज्या जमिनीवर उभा होता तिची घ्यायची. इताय केरेन यांनी २०१५ मध्ये जीडीसी या खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत बाजूने दिसणाऱ्या खेळांच्या कॅमेऱ्यांवर भाषण दिलं होतं, त्यात ही युक्ती उदाहरणांसह पाहायला मिळते. झूमचा उभा हिशेब आणि कुंपण मात्र खऱ्या उंचीवरच चालवायचे, नाहीतर उंच उडीत डोकं कापलं जातं.

राहिला २८ मीटरचा प्रश्न. कॅमेऱ्याची शक्ती संपली तरी दादा पुढे पळतच असतो. प्रत्येक खेळाने इथे आपापला स्वभाव दाखवला आहे. १९८५ च्या 'गॉन्टलेट'मध्ये पडद्याची कड हीच भिंत. १९९२ च्या 'सॉनिक २' मध्ये मागे राहिलेला टेल्स उडत परत येतो. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये खेळाडू फुग्यात बसून तरंगत साथीदाराकडे येऊ शकतो. लेगो मालिकेने त्याच वर्षीच्या दुसऱ्या 'इंडियाना जोन्स'पासून लांब गेलेल्यांसाठी पडदा दुभंगायला आणि जवळ आले की जोडायला सुरुवात केली. हा सगळ्यात उदार तोडगा, पण तो दोन कॅमेऱ्यांचं काम मागतो आणि आमच्या लॅपटॉपला ते झेपलं नसतं.

आम्ही भिंतच घेतली, पण मऊ. दोघांत २४ मीटर अंतर झालं की एकमेकांपासून दूर जाण्याचा वेग उतरू लागतो आणि २८ ला शून्य होतो. परत फिरण्याला काहीच अडथळा नाही. पहिल्याच दिवशी लाल कोल्हा पाच मीटरच्या खड्ड्यात पडला, कारण उडी मारली तेव्हा अंतर २६ होतं आणि हवेतच त्याचा वेग गेला. पुतण्या माझ्यावर रागावला आणि त्याचं बरोबर होतं. आता पाय जमिनीवर असतानाच वेग उतरतो. हवेतल्या कोल्ह्यासाठी कॅमेरा तात्पुरता ९ च्या पुढे जातो. २८ वर पाच मीटरची उडी मिळवली तर ३३ मीटर अंतराला १०.४ लागतात. कोल्हा क्षणभर बारीक दिसतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटचा झटका मात्र खरोखरच झटका होता. निळा कोल्हा खड्ड्यात पडला की दोनाचे एक झाले. मधला बिंदू एका फ्रेममध्ये थेट लाल कोल्ह्यावर आणि निळा परत जन्मला की पुन्हा मध्ये. ओढ त्याला मऊ करते, पण २० मीटरचं अंतर असेल तर बिंदूला १० मीटर जायचं असतं आणि ओढ ६ म्हणजे पहिल्या क्षणी कॅमेरा सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटतो. आम्ही कॅमेऱ्याला कोल्हा मेल्याचं कळूच दिलं नाही. मेलेल्याच्या जागी एक अदृश्य भूत उभं राहतं आणि कॅमेरा त्यालाच निळा कोल्हा मानतो. ते अर्धा सेकंद तिथेच थांबतं, पडलेला आपली चूक बघत असतो तेवढा वेळ. मग १.२ सेकंदात, हळू सुटून हळू थांबत, ते लाल कोल्ह्याजवळच्या जन्माच्या जागी जातं. भूत पोचल्यावर तिथे निळा कोल्हा उगवतो आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं.

यात एक चूक राहिली होती, ती पुतणीने शोधली. भूत सरकत असताना दादा पुढे पळत राहिला तर जन्माची जागा मागे पडायची आणि तिचा कोल्हा पुन्हा डाव्या कडेला उगवायचा. आता भूत निघतानाची जागा धरत नाही, लाल कोल्ह्याच्या मागच्या सर्वांत जवळच्या सुरक्षित जमिनीचा दर फ्रेमला नव्याने शोध घेतं. तिने तीनदा मुद्दाम खड्ड्यात उडी मारून ते तपासलं आणि दादाला म्हणाली, "पळ आता, कितीही पळ."